गेल्या वर्षीचा कटऑफ ९४.२, यंदा ९५.१ मिळालेत, तरी खात्री का नाही? (इंजिनीअरिंग कॅप २०२५)

नंदिनी_म

भाच्याला एमएचटी-सीईटीत पीसीएम ग्रुपला ९५.१ पर्सेंटाइल आहेत. ओबीसी, नॉन-क्रिमिलेयर दाखला आणि जातवैधता दोन्ही हातात आहेत. होम युनिव्हर्सिटी पुणे. त्याला हव्या असलेल्या कॉलेजात कॉम्प्युटरचा गेल्या वर्षीचा (२०२४) पहिल्या फेरीचा ओबीसी कटऑफ ९४.२ होता. जवळजवळ एक पर्सेंटाइल जास्त आहे म्हणून घरात सगळे निवांत होते. सुविधा केंद्रावरच्या बाईंनी मात्र कागद पाहून मान हलवली, म्हणाल्या, "यंदा त्यावर जाऊ नका." कारण विचारलं तर मागे रांग होती.

कटऑफ दरवर्षी बदलतो हे माहीत आहे. पण कशामुळे बदलतो, आणि जुन्या याद्या हाताशी असताना यंदाचा अंदाज नेमका कसा काढायचा, हे कोणी नीट सांगेल का? मेरिट यादी आली आहे, त्याचा राज्य मेरिट नंबर १८,०४० आहे.

---

सातारकर

सोपं आहे ताई. पेपर सोपा गेला की सगळ्यांना मार्क जास्त, मग कटऑफ वर. अवघड गेला की खाली. यंदा २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकले होते, ५ मेला पुन्हा परीक्षा घेतली. तिथे मार्कांचा पाऊस पडला असणार. त्यामुळे यंदा कटऑफ चढाच राहील.

---

तळटीप

सातारकर, कटऑफ चढा राहील हे बरोबर, कारण मात्र ते नाही.

पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत. तुमच्या सत्रात बसलेल्या शंभरांपैकी किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्या खाली आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. पेपर सोपा असला तर २०० पैकी १५० मिळवणाऱ्याचा पर्सेंटाइल खाली येईल, पण ९५ पर्सेंटाइलच्या वर मुलं पाचच टक्के राहतात. पेपर कसाही असो, त्या पाच टक्क्यांत फरक पडत नाही. फेरपरीक्षा झालेल्या सत्रालाही तेच लागू, कारण त्या मुलांची तुलना त्यांच्या आपसातच झाली. मार्कांवरून पर्सेंटाइल सांगणाऱ्या जुन्या तक्त्यांना पेपरच्या काठिण्याने धक्का बसतो. पर्सेंटाइलच्या कटऑफला बसत नाही.

मग वर्षागणिक काय बदलतं? पाच टक्के म्हणजे किती मुलं, हे बदलतं. २०२४ साली पीसीएमला प्रत्यक्ष बसलेली मुलं सुमारे २ लाख ९५ हजार. २०२५ साली सुमारे ४ लाख २२ हजार. एका वर्षात सव्वा लाखाच्या वर भर. आता नंदिनीताईंचे दोन्ही आकडे घ्या:

```
2024:  (100 - 94.2) / 100 * 295000 = 17110
2025:  (100 - 95.1) / 100 * 422000 = 20678
```

गेल्या वर्षी ९४.२ वाल्याच्या पुढे १७ हजार मुलं होती. यंदा ९५.१ वाल्याच्या पुढे साडेवीस हजार आहेत. आकडा मोठा दिसतो, पण मुलगा रांगेत साडेतीन हजारांनी मागे उभा आहे. गेल्या वर्षीच्या ९४.२ ची जागा यंदा कुठे येते तेही काढता येतं:

```
100 - (17110 / 422000 * 100) = 95.95
```

म्हणजे बाकी काहीही बदललं नाही असं धरलं, तरी गेल्या वर्षीचा ९४.२ चा कटऑफ यंदा ९५.९ च्या आसपास दिसायला हवा. केंद्रावरच्या बाईंनी मान हलवली ती यासाठी.

---

रात्रपाळी

म्हणजे यंदा सगळ्या महाराष्ट्राचे पर्सेंटाइल वाढले आणि कोणाचाच नंबर वर गेला नाही. छान.

---

तळटीप

@रात्रपाळी, विनोद असला तरी तसंच काहीसं आहे. वाढलेली सव्वा लाख मुलं तयारीत कच्ची असतील असं क्षणभर धरा. ती सगळी तुमच्या खाली बसली, की तुमचा पर्सेंटाइल आपोआप चढतो आणि पुढची मुलं मात्र तेवढीच राहतात. ती मुलं तितकीच तयारीची असतील, तर पर्सेंटाइल तोच राहतो आणि पुढची गर्दी वाढते. खरं चित्र या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. म्हणून दोन वर्षांचे पर्सेंटाइल शेजारी ठेवून तुलना करायचीच नाही. मेरिट नंबर ठेवायचे.

त्यासाठी वरचं गणितही करायची गरज नाही. सीईटी सेलच्या कटऑफ पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. लोक कंसातला वाचतात आणि वरचा सोडून देतात. नंदिनीताई, २०२४ च्या यादीत ९४.२ च्या डोक्यावर कोणता आकडा आहे तो पाहून सांगा.

---

नंदिनी_म

१४,९०० च्या जवळपास आहे. पण तुमच्या गणितात तर १७,११० आला होता?

---

तळटीप

बरोबर पकडलंत. १७,११० हा परीक्षेला बसलेल्यांतला क्रमांक. मेरिट यादीत फक्त कॅपसाठी, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, नोंदणी करून कागद तपासून घेतलेले येतात. काही जण कॅपचा फॉर्मच भरत नाहीत, कोणी दुसऱ्या अभ्यासक्रमाला जातं, कोणी राज्याबाहेर. त्यामुळे मेरिट नंबर नेहमी कमी भरतो. भाच्याचंही तसंच झालं आहे, हिशेबाने २०,६७८ आणि यादीत १८,०४०.

तर खरी तुलना १४,९०० आणि १८,०४० यांची. भाचा साधारण २१ टक्के मागे आहे. गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीची चौकट जशीच्या तशी लावली तर जागा मिळत नाही.

एक चूक इथे हमखास होते. पीडीएफमधला नंबर राज्याच्या सर्वसाधारण यादीतला असतो, ओबीसींच्या चौकटीतही तोच. तुमच्या मेरिट पत्रावर प्रवर्गातला वेगळा क्रमांकही छापलेला असतो आणि तो बराच लहान असतो. तो कटऑफशी ताडला तर वाटेल त्या कॉलेजात प्रवेश दिसू लागतो.

---

वैशाली७

माझ्या मुलाचा डिप्लोमा झालाय, ८८ टक्के आहेत. त्याला डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटर मिळेल का? इथे तर सगळे पर्सेंटाइलचं बोलताहेत, आमच्याकडे टक्केच आहेत.

---

गणकयंत्र

वैशालीताई, तुमची प्रक्रिया वेगळी आणि यादीही वेगळी. थेट दुसऱ्या वर्षाच्या कटऑफ याद्या सीईटी सेल स्वतंत्र देतो, त्याच उघडा. तिथे मेरिट डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागतं. त्यामुळे सातारकरांचं म्हणणं तिथे लागू पडतं. निकाल सढळ लागला की टक्के फुगतात आणि कटऑफ चढतो. दुसरं म्हणजे तिथल्या जागा दरवर्षी बदलतात. मंजूर क्षमतेच्या दहा टक्के जागा जादा असतातच, शिवाय आधीच्या वर्षी पहिल्या वर्षाला ज्या रिकाम्या राहिल्या त्याही मिळतात. ज्या कॉलेजात कॉम्प्युटर पहिल्या वर्षालाच भरून गेलं, तिथे हाती फक्त ते दहा टक्के. मेरिट नंबरच पाहायचा, हा नियम मात्र तुम्हालाही तोच.

मूळ प्रश्नाकडे. तळटीप यांनी रांगेची बाजू सांगितली. जागांची बाजू राहिली आहे, आणि माझ्या मते अंदाज चुकतात ते तिथे.

लोक समजतात वर्ग ६० चा आहे, म्हणजे ६० जागांवरचा कटऑफ. विनाअनुदानित कॉलेजात ६० मधून २० टक्के संस्थेच्या पातळीवर जातात आणि १५ टक्के ऑल इंडियाला, ज्या जेईई मेनवर भरतात. उरल्या ३९. त्यातल्या ७० टक्के होम युनिव्हर्सिटीला, म्हणजे २७. त्यात ओबीसी १९ टक्के, म्हणजे ५. त्यातल्या ३० टक्के मुलींना, म्हणजे एक किंवा दोन. तुमचा भाचा ज्या GOBCH, म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या ओबीसी, चौकटीत बघतोय तिच्यात तीन-चार जागा आहेत. आणि कटऑफ म्हणजे त्या तीन-चारांतला शेवटचा मुलगा.

त्या एका मुलाने ऑप्शन फॉर्ममध्ये हे कॉलेज चौथ्याऐवजी नवव्या क्रमांकावर लिहिलं असतं, तर कटऑफ दीड-दोन हजारांनी सरकला असता. एनटी-२ ला साडेतीन टक्के आरक्षण आहे, २७ चे साडेतीन टक्के काढून बघा, एक जागा येते. असल्या चौकटीतला आकडा म्हणजे एका मुलाची आवडनिवड. त्यावरून कल वगैरे काढू नये. उलट मोठ्या सरकारी कॉलेजातल्या GOPENS मध्ये जागा जास्त असतात, तिथला आकडा बराच स्थिर.

---

सातारकर

पर्सेंटाइलचं पटलं. पण मग मी ओपनचा कटऑफ बघून त्यात थोडं कमी-जास्त करू का? ओपनमध्ये जागा जास्त म्हणजे आकडा भरवशाचा.

---

गणकयंत्र

हे अर्धं खरं आहे. ओपनचा आकडा जास्त स्थिर असतो. पण ओपन आणि ओबीसी यांतलं अंतर प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं. मागणी असलेल्या पुण्याच्या कॉलेजांत दोन्ही अगदी चिकटून असतात, दुसरीकडे बरीच फट दिसते. म्हणून त्याच कॉलेजातल्या तीन-चार शाखांमध्ये GOPENH आणि GOBCH यांचं गुणोत्तर काढा आणि मधलं धरा. एका चौकटीतला योगायोग त्यात विरून जातो.

आणि कोडची शेवटची अक्षरं वाचा. H म्हणजे होम युनिव्हर्सिटी, O म्हणजे बाहेरची, S म्हणजे राज्य पातळी. सुरुवातीचा L मुलींसाठी. शेजारच्या स्तंभातला आकडा उचलून लोक महिनाभर खुश राहतात.

---

अनघा_द

टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शुल्कमाफीच्या जागांचा, स्तंभ वेगळा असतो. आमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तर आर्थिक सवलतीची जागा म्हणून तिथे कटऑफ कमी असेल ना?

---

तळटीप

उलट, अनघाताई. वर्गाच्या पाच टक्के जादा जागा, म्हणजे साठाला तीन. प्रवर्ग कोणताही असो, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेले सगळे तिथे रांगेत. शिकवणी शुल्क माफ असल्याने हुशार मुलं मुद्दाम तो पर्याय वर टाकतात. बहुतेक ठिकाणी टीएफडब्ल्यूएसचा मेरिट नंबर ओपनपेक्षाही वरचा असतो. पात्र असाल तर जरूर टाका. त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, तो न लिहिता साधा कोड लिहिला तर टीएफडब्ल्यूएसचा विचारच होत नाही.

जागांवरून आणखी एक. ईडब्ल्यूएसच्या चौकटी बघणाऱ्यांनी २०२३ आणि त्याआधीचे आकडे बाजूला ठेवावेत. २०२४ साली मराठा समाजासाठी एसईबीसीचं दहा टक्के आरक्षण आलं, आणि आधी ईडब्ल्यूएसमधून येणारी बरीच मुलं तिकडे गेली. ईडब्ल्यूएसमधली रांगच बदलली. एसईबीसीच्या बाबतीत २०२४ हे एकच वर्ष हाताशी आहे. एका वर्षावरून काढलेला अंदाज किती ताणायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

---

नंदिनी_म

सगळं समजतंय, थोडं घाबरायलाही होतंय. एक राहिलं सांगायचं. या कॉलेजात कॉम्प्युटरच्या जागा यंदा ६० वरून १२० झाल्यात असं त्यांच्या माहितीपत्रकात आहे. याने फरक पडेल का?

---

गणकयंत्र

ताई, ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायला हवी होती!

आधी माहितीपत्रकावर जाऊ नका. ऑप्शन फॉर्म सुरू होण्याआधी सीईटी सेल सीट मॅट्रिक्स, म्हणजे कॉलेजवार जागांचा तक्ता, देतो, त्यात १२० दिसतायत का ते पाहा. २०२४-२५ पासून एआयसीटीईने एका शाखेतल्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली, त्यानंतर कॉम्प्युटरच्या जागा बऱ्याच ठिकाणी वाढल्या आहेत. पण मंजुरी, विद्यापीठाची संलग्नता आणि मॅट्रिक्स यांत कधी कधी फरक राहतो.

१२० धरून हिशेब: ६५ टक्के म्हणजे ७८, त्यातल्या होमच्या ५५, ओबीसी १०, त्यात मुलींच्या ३. GOBCH मध्ये सात जागा. गेल्या वर्षी तीन-चार होत्या.

आता वाढलेल्या तीन-चार जागांवर कोण येणार? गेल्या वर्षी ज्यांना इथे कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं तेच. त्यातले बरेच जण त्याच कॉलेजात आयटीला गेले असणार, कारण बहुतेक मुलं कॉलेज आधी धरतात आणि शाखा एक पायरी खाली घेतात. म्हणून जागा दुप्पट झाल्या की कॉम्प्युटरचा नवा कटऑफ ढोबळमानाने त्याच कॉलेजातल्या आयटीच्या जुन्या कटऑफपाशी येतो. आयटीचा वर्गही ६० चाच असेल तर. तिथे GOBCH ला कोणता मेरिट नंबर आहे?

---

नंदिनी_म

आयटी, २०२४: पहिली फेरी १७,२०० च्या आसपास, तिसरी फेरी १८,७००. कॉम्प्युटरची तिसरी फेरी १६,३००.

---

गणकयंत्र

मग चित्र बरंच बदललं. जागा वाढल्या नसत्या तर भाचा तिसऱ्या फेरीच्या आकड्यापासूनही सतराशेने लांब होता. आता त्याचा १८,०४० हा आयटीच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या मधोमध बसतो. पहिल्या फेरीत धरू नका, पुढच्या फेऱ्यांत शक्यता आहे. मी अर्धी-अर्धी म्हणेन.

आणि जागा फक्त याच कॉलेजात वाढलेल्या नाहीत. याच्या वरच्या दोन-तीन कॉलेजांनी वाढवल्या असतील तर याच्यात येणारी मुलं वर सरकतील आणि इथला कटऑफ आणखी सैल होईल. मी असं करतो: भाच्याच्या आवडीच्या कॉलेजाच्या वर असलेल्या सगळ्या कॉलेजांतल्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या वाढीव जागा मॅट्रिक्समधून मोजतो, आणि रांग तेवढी पुढे सरकवतो. अगदी अचूक नाही, पण कटऑफ कोणत्या बाजूला जाईल ते कळतं.

---

तळटीप

गणकयंत्र, आयटीची युक्ती आवडली, पण एका जागी मला थांबावंसं वाटतं. वाढीव जागांवर आयटीचीच मुलं येतील असं नाही. दुसऱ्या बरोबरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेतलेली मुलंही येतील, आणि त्यांचे मेरिट नंबर १६ हजारांच्या अलीकडचे असू शकतात. तसं झालं तर कटऑफ १७,२०० पर्यंत पोहोचणारच नाही. शिवाय यादीत आलेल्यांचा कस गेल्या वर्षीसारखाच आहे, हेही गृहीतच. परीक्षार्थी एवढे वाढल्यावर कॅपला नोंद करणाऱ्यांचं प्रमाण तेच राहिलं का, हे अजून कोणी तपासलेलं नाही. मी अर्ध्याच्या थोडं खालीच धरेन.

---

गणकयंत्र

मान्य, बरोबरीच्या कॉलेजातून येणारे धरायला हवेत. पण ते इकडे आले की तिकडे त्यांची जागा सुटते आणि कोणीतरी इकडचा तिकडे जातो. शेवटी मोजायच्या त्या सगळ्यांच्या मिळून जागा. त्यामुळे मी माझ्या अर्ध्यावर ठाम आहे.

---

रात्रपाळी

दोघेही हुशार दिसताय, तर फेऱ्यांबद्दल सांगा. यंदा चार फेऱ्या आहेत म्हणे. म्हणजे शेवटच्या फेरीत कटऑफ आणखी पडणार?

---

तळटीप

२०२४ ला तीन होत्या, यंदा चार, आणि नियम बदललाय. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की, पुढे सरकता येत नाही. हे आधीही होतं. यंदा दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तरी पक्की, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही.

गेल्या वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कटऑफ खाली यायचा तो वरची मुलं आणखी वर सरकत म्हणून. यंदा त्यातली बरीच जण तीन आणि सहाच्या नियमात अडकतील. साखळी लवकर थांबेल, म्हणून १४,९०० ते १६,३०० अशी जी घसरण गेल्या वर्षी दिसली ती यंदा कमी असेल असं मला वाटतं. दुसरीकडे, सावध मुलं पहिल्या तीनमध्ये आवाक्याबाहेरचीच कॉलेजं भरतील आणि मोकळी राहतील, तर उलटही होईल. पहिलंच वर्ष आहे. २०२४ च्या फेऱ्यांमधलं अंतर यंदाच्या फेऱ्यांना लावू नका, एवढं खात्रीने सांगतो.

---

सातारकर

मग फॉर्म भरताना मिळण्याची शक्यता जास्त असलेली कॉलेजं वर टाकावीत, नाहीतर वरचे पर्याय वाया जातात.

---

तळटीप

नाही हो, हे करू नका. यंत्रणा एकेका मुलाचा फॉर्म मेरिटच्या क्रमाने घेते आणि त्याचे पर्याय वरून खाली तपासते. वरचे दहा मिळाले नाहीत म्हणून अकराव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तुमच्या खालच्या मेरिटच्या मुलाने तेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं असलं तरी आधी विचार तुमचाच. म्हणून क्रम आवडीचाच लावायचा, शक्यतेचा नाही.

शक्यतेचा अंदाज लागतो तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवायला. त्यासाठी त्याच स्तंभाचे तीन वर्षांचे शेवटचे मेरिट नंबर घ्या. उदाहरणादाखल एखाद्या शाखेचे १९,५००, २१,८०० आणि २०,६०० धरा. १८,०४० हा तिन्हींपेक्षा लहान, म्हणजे तिथे बऱ्यापैकी भरवसा. तीन आकड्यांच्या मध्ये पडत असेल तर नाणेफेक. तिघांपेक्षा मोठा असेल पण पंधरा-वीस टक्क्यांच्या आत, तर टाकायचं आणि विसरून जायचं. फॉर्मच्या तळाशी भरवशाचे आठ-दहा तरी हवेत, आणि ते चार-पाच वेगवेगळ्या कॉलेजांतले. एका कॉलेजातल्या सहा शाखा म्हणजे सहा पर्याय होत नाहीत, तिथे मागणी वाढली तर सगळ्याच हुकतात.

आणि बेटरमेंट घेऊन, म्हणजे मिळालेली जागा राखून वरच्या पर्यायासाठी, पुढच्या फेरीत गेलात आणि वरचा पर्याय लागला, तर आधीची जागा त्याच क्षणी सुटते. नको असलेलं कॉलेज फॉर्म भरून काढायला म्हणून वर लिहू नये.

---

अनघा_द

यंदा नव्याने सुरू झालेल्या शाखेचं काय? तिची जुनी यादीच नाही.

---

गणकयंत्र

त्याच कॉलेजातल्या शेजारच्या शाखांमध्ये तिची जागा शोधा. इतर कॉलेजांत एआय-डेटा सायन्स हे कॉम्प्युटर आणि ईअँडटीसी यांच्या मध्ये कुठे बसतं ते पाहा, तसंच इथे बसवा. पहिल्या वर्षी नवी शाखा अपेक्षेपेक्षा सैल जाते, कारण लोकांना तिचा कोडच माहीत नसतो.

---

नंदिनी_म

भाच्याने रात्री बसून यादी केली. पहिला पर्याय एक मोठं सरकारी कॉलेज (मिळणार नाही, पण मिळालं तर डोळे मिटून घेईल), दुसरा हेच कॉम्प्युटर, तिसरा इथलंच आयटी. त्याचं म्हणणं, दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय लागून अडकलो तरी चालेल. मला वाटतं आयटी चौथ्यावर न्यावं, म्हणजे कॉम्प्युटरसाठी तिसऱ्या फेरीपर्यंत थांबता येईल.

---

तळटीप

आयटी चौथ्यावर नेलंत तर दुसऱ्या फेरीत ते लागलं तरी तो मोकळा राहील, आणि जागा हातात ठेवून तिसरीत कॉम्प्युटरची वाट बघू शकेल. मात्र तिसऱ्यावर काय लिहिणार? तिथे येणारं कॉलेज त्याला आयटीपेक्षा खरोखर जास्त आवडत असलं पाहिजे. तसं एखादं असेल तर करा. नुसतं जागा अडवायला काही लिहिलंत आणि तेच लागलं, तर तो तिथेच पक्का होईल.

---

गणकयंत्र

मॅट्रिक्स आलं की आयटीच्याही जागा तपासा. आयटी ६० वरून ३० करून त्या कॉम्प्युटरला जोडल्या असतील, तर माझा वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.